पेशीजीवशास्त्राच्या पेपरला सात दिवस उरले आहेत, उजळणीचा आराखडा सुचवावा

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. पुढच्या बुधवारी पेशीजीवशास्त्राचा पेपर आहे, म्हणजे उद्यापासून मोजून सात दिवस हातात आहेत. सकाळी दुसऱ्या विषयाची प्रात्यक्षिके चालू असल्यामुळे या विषयाला रोज साडेतीन तासच मिळतील. टिपणे पूर्ण आहेत आणि दोनदा वाचूनही झाली आहेत, तरीही अंतर्गत चाचणीत वीसपैकी अकराच गुण मिळाले.

कुठे चुकले ते सांगते. एका आजारात लयकारिकेतील विकरे पेशीत सापडत नाहीत पण रक्तात भरपूर सापडतात, याचे कारण विचारले होते. मी लयकारिकेची सगळी कार्ये लिहिली आणि शून्य गुण मिळाले. दुसरा गोंधळ पेशीविभाजनातला आहे. कोणत्या टप्प्यावर किती गुणसूत्रे आणि किती क्रोमॅटिड, हे मी दर वेळी वेगळे लिहिते. या सात दिवसांत कोणता भाग कोणत्या क्रमाने घ्यावा आणि काय सोडून द्यावे, याविषयी मार्गदर्शन करावे.

पहिला_बाक | मंगळवार, रात्री १०.१५

मी गेल्या वर्षी हाच पेपर देऊन उत्तीर्ण झालो. माझा सल्ला असा आहे की मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात आणि त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न तेवढे करावेत, कारण टिपणे आता तिसऱ्यांदा वाचून काहीही हाती लागणार नाही. गुणसूत्रांच्या मोजणीसाठी एक सोपा नियम लक्षात ठेवावा. एस टप्प्यात गुणसूत्रे दुप्पट होतात आणि विभाजनात निम्मी होतात. कांद्याच्या पेशीत १६ असतात, एस टप्प्यानंतर ती ३२ होतात आणि मायटोसिस झाल्यावर पुन्हा १६ होतात. एवढ्या नियमावर माझे काम भागले.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ११.०५

मी गेली एकोणीस वर्षे हा विषय पदवीच्या वर्गांना शिकवतो. टिपणे तिसऱ्यांदा वाचू नयेत, हे पहिला_बाक यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मोजणीचा त्यांचा नियम मात्र अर्धाच बरोबर आहे आणि त्यावर विसंबल्यास मायोसिसच्या प्रश्नात गुण जातील. त्याकडे मी नंतर येतो.

कृष्णाकाठ, तुमच्या पहिल्या चुकीतच अडचणीचे मूळ दिसते. लयकारिका काय करते हे तुम्हाला पाठ आहे, पण तिच्यातली विकरे तिथपर्यंत पोचतात कशी, असे विचारले की वहीतले पान सापडत नाही. वहीत प्रत्येक अंगकाला स्वतंत्र पान असते, प्रवासाला पान नसते. म्हणून मी दिवसांची वाटणी सारखी करणार नाही. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार हे तीन दिवस एका प्रथिनाच्या प्रवासाला द्यावेत, शनिवार तंतुकणिकेला, रविवार व सोमवार पेशीचक्र आणि मोजणीला द्यावेत, आणि मंगळवारी नवे काहीही न घेता आधीच्या चुका पुन्हा सोडवाव्यात. सूक्ष्मदर्शकाचा इतिहास, पेशीसिद्धांत आणि पेरॉक्सिसोम यांवर जेवणानंतर अर्धा तास नजर टाकली तरी पुरे.

बुधवारी वही बंद करून कोरा कागद घ्यावा आणि स्वादुपिंडातली एकच पेशी मोठी काढावी. त्या पेशीत ट्रिप्सिनोजेन तयार होते आणि शेवटी पेशीबाहेर नलिकेत सोडले जाते. रायबोसोमवर त्याची साखळी सुरू होण्यापासून ते बाहेर पडेपर्यंतची प्रत्येक पायरी वीस मिनिटांत बाणांनी दाखवावी. जिथे हात अडेल तिथे लाल शाईने प्रश्नचिन्ह करून पुढे जावे. वही त्यानंतरच उघडावी आणि तीही फक्त त्या प्रश्नचिन्हांसाठी.

गुरुवारी हाच प्रवास पुराव्याच्या बाजूने पाहावा, कारण दहा गुणांचे प्रश्न तिथून येतात. पॅलाडे आणि जेमिसन यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्यांना किरणोत्सारी ल्युसिन केवळ तीन मिनिटे दिले आणि नंतर साधे ल्युसिन भरपूर देऊन त्या खुणेचा माग काढला. सुरुवातीला खूण खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर दिसली, काही मिनिटांतच ती गॉल्गीच्या परिसराकडे सरकली आणि सुमारे दोन तासांनी स्रावाच्या कणिकांमध्ये पोचली. पॅलाडे यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक क्लोद आणि द दुव यांच्यासमवेत मिळाले, हे एका ओळीत येऊन जाईल. खरा प्रश्न असा असतो की तीन मिनिटांऐवजी तासभर किरणोत्सारी ल्युसिन दिले असते तर काय दिसले असते. उत्तर असे की खूण एकाच वेळी तिन्ही ठिकाणी दिसली असती आणि आधी कुठे व नंतर कुठे हे कळलेच नसते. हे स्वतःच्या शब्दांत लिहिता आले तर प्रयोग समजला असे मानावे.

शुक्रवारी तुमचाच चुकलेला प्रश्न घ्यावा. लयकारिकेची विकरेसुद्धा ट्रिप्सिनोजेनप्रमाणेच आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गीत येतात. तिथे त्यांच्या शर्करेवर मॅनोज-६-फॉस्फेट ही चिठ्ठी चढते आणि ती चिठ्ठी ओळखणारे ग्राही त्यांना लयकारिकेच्या वाटेला लावतात. ज्या आजाराविषयी विचारले होते त्यात चिठ्ठी चढवणारे विकरच निकामी असते. चिठ्ठी नसलेला माल न अडता बाहेरच्या वाटेने जातो. त्यामुळे विकरे रक्तात सापडतात आणि लयकारिकेत न पचलेले पदार्थ साठत राहतात. लयकारिकेची कार्ये लिहून शून्य का मिळाले, हे आता लक्षात येईल. प्रश्न कार्याचा नव्हता, पत्त्याचा होता.

हिरवा_दिवा | बुधवार, सकाळी ७.२०

मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. आपली परीक्षा प्रात्यक्षिकाची आहे असे समजून लिहिते. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड नक्की येते, म्हणून तिचा सराव करावा. मुळे १ भाग ॲसेटिक आम्ल आणि ३ भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात आधी ठेवलेली असतात. ती १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला काही मिनिटे ठेवावीत. मग टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडाच घ्यावा, उरलेले मूळ सरळ टाकून द्यावे, कारण विभाजन त्या टोकातच चालते. ॲसिटोकार्मिनचा रंग चढला की तेवढे टोक इतर भागापेक्षा गडद दिसते. काचपट्टीवर आच्छादन काच ठेवून, वर टिपकागद धरून, अंगठ्याने सरळ खाली दाबावे. बाजूला सरकवू नये.

माझी एक चूक सांगते. नवीन असताना घाईत मी आम्लात मुळे पुरेसा वेळ ठेवली नाहीत. वर्गासमोर दाबली तेव्हा पेशी सुट्या न होता चळतीसारख्या एकमेकींवर बसल्या आणि एकही गुणसूत्र मोजता आले नाही. स्लाइडमध्ये पेशींचे थर दिसत असतील तर दोष रंगाचा नसून आम्लात कमी वेळ ठेवल्याचा आहे, हे ओळखावे.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८.०५

हिरवा_दिवा ताई, माझी परीक्षा लेखी आहे, पण आपण लिहिलेले वाचून प्रात्यक्षिकाच्या वेळी माझ्या स्लाइडचे काय बिघडले होते ते समजले. त्या वेळी बहुतेक पेशींमध्ये गुणसूत्रे दिसतच नव्हती, नुसती गोल केंद्रके दिसत होती. तोही आम्लाचाच दोष असतो का?

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी १.३०

तो दोष नव्हे, तीच स्थिती अपेक्षित असते. कोणत्याही क्षणी टोकातल्याही बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये असतात. विभागणाऱ्या पेशींमध्येही प्रोफेजच्या सर्वांत जास्त आढळतात, कारण तो टप्पा लांब चालतो, तर ॲनाफेज शोधावा लागतो, कारण तो लवकर उरकतो. पेशी आपापल्या वेळी विभागत असतील, सगळ्या एकदम नव्हे, तेवढ्यापुरताच हा हिशेब खरा धरता येतो. लेखी परीक्षेत शंभर पेशींचे आकडे देऊन कोणता टप्पा किती लांब असे विचारतात, तेव्हा ही अट एका वाक्यात लिहावी.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १०.५०

काल आणि आज सांगितल्याप्रमाणे केले. कालच्या कागदावर सहा लाल प्रश्नचिन्हे होती, आज तोच प्रवास पुन्हा काढला तेव्हा दोन उरली. त्यांतले पहिले असे आहे की रायबोसोम आंतर्द्रव्यजालिकेला येऊन चिकटतो तो कशामुळे. वहीत संकेत क्रम असे लिहिले आहे, पण तो आहे हे कळले कसे, ते लिहिलेले नाही. दुसरे असे की पडद्यातल्या प्रथिनावरची शर्करा मी आंतर्द्रव्यजालिकेत पेशीद्रवाच्या बाजूला काढली होती आणि पेशीपटलावर मात्र बाहेरच्या बाजूला. वहीतल्या दोन आकृत्या तशाच आहेत असे वाटले, पण मधल्या पायऱ्या जोडताना ती बाजू बदलते कुठे ते सापडत नाही.

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, सकाळी ६.४५

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात तुम्ही स्वतःची चूक स्वतःच पकडली आहे. बाजू कुठेच बदलत नाही. आंतर्द्रव्यजालिकेची पोकळी, पुटिकेची पोकळी आणि पेशीचे बाहेर या तिन्ही जागा या हिशेबात एकच बाजू आहेत. पुटिका पेशीपटलाला मिळते तेव्हा तिचे पोट बाहेर उघडते, म्हणून तिच्या आतल्या भिंतीवर जे होते ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला येते. शर्करा आंतर्द्रव्यजालिकेत पोकळीच्या बाजूलाच चढते आणि शेवटपर्यंत त्याच बाजूला राहते. पेन्सिलीने पडद्याच्या त्या एका बाजूला छोटे टिंब देत संपूर्ण प्रवास पुन्हा काढून पाहावा. टिंब पेशीद्रवाकडे वळले तर आकृतीत कुठेतरी पडदा उलटला आहे असे समजावे.

आता संकेत क्रम. स्रावाचे प्रथिन परीक्षानळीत पडद्यांशिवाय बनवले तर ते थोडे लांब निघते. आंतर्द्रव्यजालिकेचे तुकडे आधीपासून घालून बनवले तर ते आखूड निघते, कारण सुरुवातीचा संकेत क्रम आत शिरताना कापला जातो. तेच तुकडे प्रथिन पूर्ण बनल्यानंतर घातले तर मात्र ते लांबच राहते. यावरून आत शिरण्याचे काम साखळी बनत असतानाच होते हे कळते. ते खरोखर आत गेले का, हे पाहण्यासाठी प्रथिने पचवणारे विकर घालतात. आत असलेले प्रथिन वाचते, आणि पडदा डिटर्जंटने विरघळवला की तेही पचून जाते. ब्लोबेल यांना या कामासाठी १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज या चार नळ्यांची आकृती काढून प्रत्येकीखाली लांब की आखूड आणि वाचले की पचले एवढेच लिहावे. त्यासाठी पाऊण तास पुरेल.

दुसरा_प्रयत्न | शनिवार, दुपारी ४.१०

मी नीटची तयारी पुन्हा करत आहे, म्हणून शनिवारच्या तंतुकणिकेविषयी माझी अडचण मांडतो. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात असे मी अकरावीत शिकलो आणि शिकवणीत ३२ सांगतात. माझ्या चाचणीत ३२ लिहिल्यावर गुण कापले गेले. कृष्णाकाठ यांनी कोणता आकडा पाठ करावा?

पहिला_बाक | शनिवार, दुपारी ४.४०

३८ लिहावा. आमच्या तपासणीत तोच धरला होता.

सूक्ष्मदर्शी | शनिवार, सायंकाळी ७.००

आकडा पाठ करण्यापेक्षा तो कसा आला ते लिहावे. ग्लुकोजच्या पूर्ण ऑक्सिडीकरणात १० एनएडीएच, २ एफएडीएच२ आणि थेट बनलेले ४ एटीपी मिळतात. जुन्या हिशेबात एका एनएडीएचला ३ आणि एफएडीएच२ला २ धरत, म्हणून ३० अधिक ४ अधिक ४ असे ३८ होत. आता अनुक्रमे अडीच आणि दीड धरतात, म्हणून २५ अधिक ३ अधिक ४ असे ३२ होतात. पेशीद्रवातल्या दोन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत कोणत्या मार्गाने जातात, त्यावर ३२ चे ३० होऊ शकतात. पदवीच्या वर्णनात्मक उत्तरात गृहीतक लिहून आकडा दिला तर मी पूर्ण गुण देतो. बहुपर्यायी प्रश्नात गृहीतक लिहायला जागा नसते, तिथे आपल्या नेमलेल्या पुस्तकाचाच आकडा निवडावा लागतो.

दुसरा_प्रयत्न | शनिवार, सायंकाळी ७.२५

पर्यायांत ३२ आणि ३८ हे दोन्ही दिलेले असले तर विद्यार्थ्यावर तो अन्यायच होतो, असे मला अजूनही वाटते.

सूक्ष्मदर्शी | रविवार, सकाळी ७.१५

आता मोजणी. पहिला_बाक यांच्या नियमात एक शब्द बदलावा लागेल. एस टप्प्यात डीएनए दुप्पट होते, गुणसूत्रे नव्हेत. गुणसूत्रे मोजायची ती सेंट्रोमिअरवरून. दोन क्रोमॅटिड एका सेंट्रोमिअरपाशी जोडलेले आहेत तोवर गुणसूत्र एकच.

कांद्याच्या मुळातली पेशी घ्या. जी१ मध्ये १६ गुणसूत्रे आणि डीएनएचे १६ रेणू असतात. एस टप्पा संपला की गुणसूत्रे १६च राहतात, पण क्रोमॅटिड ३२ होतात. मेटाफेजपर्यंत हेच चालते. ॲनाफेजमध्ये क्रोमॅटिड सुटे होतात आणि त्या क्षणी पेशीत ३२ गुणसूत्रे असतात. मग प्रत्येक कन्यापेशीला १६ मिळतात. म्हणजे ३२ हा आकडा खरा आहे, पण तो ॲनाफेजचा आहे, एस टप्प्याचा नाही.

आता कांद्याच्या फुलातल्या परागकोशात जा. मायोसिसच्या पहिल्या मेटाफेजमध्ये १६ गुणसूत्रे ८ जोड्यांत लागलेली असतात आणि क्रोमॅटिड ३२ असतात. पहिल्या ॲनाफेजमध्ये जोड्या फुटतात पण सेंट्रोमिअर फुटत नाहीत, म्हणून एका ध्रुवाकडे ८ गुणसूत्रे जातात आणि प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड असतात. इथे बहुसंख्य विद्यार्थी अडखळतात. या पेशीत डीएनए जी१ पेशीइतकेच असते, म्हणून ते तिला द्विगुणित म्हणतात. ती एकगुणितच आहे, कारण गुणसूत्रांचे संच मोजायचे असतात, डीएनएचे वजन नव्हे. दुसऱ्या ॲनाफेजमध्ये क्षणभर १६ दिसतात आणि शेवटी चार पेशींत प्रत्येकी ८ गुणसूत्रे व ८ रेणू उरतात.

आज हे सगळे कांद्यासाठी काढावे. उद्या आकडा बदलून माणसाच्या ४६ गुणसूत्रांसाठी वही न उघडता काढावे. दोन्ही ठिकाणी सेंट्रोमिअरखाली रेघ मारून रेघा मोजाव्यात.

पहिला_बाक | रविवार, सकाळी ९.३०

एस टप्प्याबद्दलचे माझे वाक्य मी मागे घेतो. मायटोसिसमध्ये शेवटचे उत्तर बरोबर येत असल्याने चूक कधी दिसलीच नाही. प्रश्नपत्रिका मात्र सोमवारपर्यंत थांबू न देता आजच एक सोडवावी, असे माझे मत कायम आहे.

सूक्ष्मदर्शी | रविवार, सकाळी १०.००

मी ती मंगळवारी सोडवायला सांगतो, कारण आधी सोडवल्यास विद्यार्थी त्याच प्रश्नांभोवती वाचत राहतात. पण हा अनुभवाचा भाग आहे. कृष्णाकाठ यांनी स्वतःला रुचेल तसे करावे.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.२०

मी मधला मार्ग घेतला आणि आज एका प्रश्नपत्रिकेतले फक्त मोजणीचे प्रश्न सोडवले. माणसाचे आकडे दोन्ही वेळा बरोबर आले. एक प्रश्न मात्र असा होता की कांद्याच्या मायोसिसमध्ये एक जोडी पहिल्या विभाजनात न सुटता एकाच ध्रुवाकडे गेली, तर चार पेशींत किती गुणसूत्रे येतील. मी ९, ९, ७, ७ असे लिहिले. हीच चूक दुसऱ्या विभाजनात झाली तर ९, ७, ८, ८ येतील का? रेघा मोजून तेच येते, तरीही एकदा खात्री करून घ्यायची आहे.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, सकाळी ६.३०

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. दुसऱ्या प्रकारात दोनपैकी एकाच पेशीत चूक झाली असे तुम्ही गृहीत धरले आहे, तेवढे उत्तराच्या सुरुवातीला लिहावे. आज चार नळ्यांची आकृती आणि टिंबाची आकृती प्रत्येकी एकदा काढावी, उरलेल्या वेळात लाल प्रश्नचिन्हांचे जुने कागद काढून पाहावेत आणि रात्री दहाच्या आत वही मिटावी.